बायको गेल्यानंतर एकट्यासाठी रांधताना : आधी खिचडी, शेवटी भाकर

आमच्या भागात एखाद्या घरची बाई गेली की तेरवीपर्यंत त्या घरी चूल पेटत नाही, पण डबे भरपूर येतात. तेरवी झाली, पाहुणे पांगले, मुलं पुण्याला परत गेली की डबे हळूहळू बंद होतात. मग साठी-सत्तरीतला माणूस एके दिवशी ठरवतो की आता आपलं आपणच करायचं, आणि पहिल्याच दिवशी भाकर थापायला बसतो. भाकर तुटते, धूर होतो, हात भाजतो. तो पीठ झाकून ठेवतो आणि चहात टोस्ट बुडवून झोपतो. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात हे मी पुन्हा पुन्हा पाहते आहे. चूक हाताची नाही, क्रमाची आहे. भाकर हे आपलं रोजचं जेवण म्हणून सुरुवात तिथून होते, खरं तर ती सगळ्यात शेवटी शिकायची गोष्ट आहे.

खाली दिलेला क्रम माझ्या चुलत सासऱ्यांसोबत बसून ठरलेला आहे. आम्ही त्यांना मोठे बाबा म्हणतो. मोठी आई गेली तेव्हा त्यांना चहासुद्धा करता येत नव्हता. आता ते दोन्ही वेळचं करून खातात. लेख मी थेट त्या माणसाला उद्देशून लिहिते आहे. शिकवणाऱ्या सुनेनं, लेकीनं किंवा शेजारणीनं सोबत वाचावा.

## तयारी : गॅस पेटवण्याआधी

डबा एकदम बंद करू नका. शेजारून किंवा भावाकडून येणारा डबा "आता नको" म्हणून नाकारण्याची घाई होते, कारण कोणावर भार होणं नको वाटतं. पण उपाशीपोटी शिकता येत नाही. सकाळचा डबा पहिला महिनाभर येऊ द्या आणि फक्त संध्याकाळचं जेवण आपल्या अंगावर घ्या. संध्याकाळच का? कारण सकाळी शेताची, ढोरांची गडबड असते, कोणीतरी हाक मारून जेवायला बसवतं. एकट्या माणसाचं जेवण सुटतं ते संध्याकाळचं. दिवेलागणीला घर फार मोठं वाटतं आणि "भूकच नाही" असं म्हणून माणूस अंथरूण टाकतो.

स्वयंपाकघर रिकामं करू नका, फक्त ओळखून घ्या. लेकी येतात आणि आईची भांडी आवरून माळ्यावर टाकतात, त्या जागी नवे डबे आणतात. मग बाबांना काहीच सापडत नाही. सगळं होतं तिथंच ठेवा. एका दुपारी जाणत्या बाईला सोबत घेऊन एकेक डबा उघडा, वास घ्या, चिमूटभर जिभेवर ठेवा आणि बाहेर चिठ्ठी चिकटवा : तूरडाळ, बेसन, जिरं, मोहरी, हळद, तिखट, मीठ. जाळी धरलेलं पीठ, किडे पडलेली डाळ तेवढी बाहेर काढा.

आम्ही हे केलं त्या दिवशी तांदळाच्या डब्यात काठ चेपलेली एक स्टीलची वाटी निघाली. मोठे बाबा ती हातात फिरवत म्हणाले, "मले वाटे थे अंदाजानंच टाकते. मोजत होती त!" ती वाटी आम्ही तशीच डब्यात राहू दिली. पुढची सगळी मापं तिनंच घ्यायची. तुमच्याही घरी अशी एखादी वाटी असेल, ती शोधा. साधारण शंभर ग्रॅम तांदूळ मावतील एवढी ती असते. त्याच घरातल्या त्याच वाटीनं मोजलं की चव जुन्या चवीच्या जवळ जाते, आणि "थोडं", "अंदाजानं" या शब्दांचा त्रास संपतो. खाली चमचा म्हटलं आहे तो चहाचा लहान चमचा.

लागणारी भांडी एवढीच : तीन लिटरचा कुकर, त्यात बसणारे दोन डबे, एक लहान गंज, लोखंडी कढई, तवा, सराटा, सांडशी, भाकरीचं पीठ मळायला कोपर आणि एक ताट. मोठा पाच लिटरचा कुकर वापरू नका. त्यात एकट्यापुरतं शिजवताना पाणी लवकर आटतं आणि अन्न बुडाला लागतं.

> गॅसची तपासणी. आधी काडी पेटवा, मग बटण फिरवा. काम झालं की शेगडीचं बटण आणि रात्री रेग्युलेटरही बंद करा. नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली असतील किंवा चिरा दिसत असतील तर नळी बदला. वास आला तर विजेचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर या आणि 1906 या क्रमांकावर फोन करा.

वय झालं की वास कमी येतो. तसं असेल तर शेजारच्या बाईला अधूनमधून स्वयंपाकघरात डोकावून जायला सांगा. त्यात कमीपणा नाही.

## टप्पा १ : संध्याकाळची वेळ आणि खिचडी

पहिले दोन आठवडे रोज संध्याकाळी फक्त खिचडी. कंटाळा येईल, तरी बदलू नका. एकाच पदार्थावर हात बसला की पाणी, मीठ आणि आच या तिन्हींचा अंदाज येतो, आणि पुढचे सगळे पदार्थ त्याच तिन्हींवर उभे आहेत.

1. पाच-साडेपाचला पाऊण वाटी तांदूळ आणि पाव वाटी तूरडाळ एकत्र धुऊन अर्धा तास भिजत घाला. भिजवणं हे स्वयंपाकाचं काम आहेच, शिवाय दिवसाला बांधणारं काम आहे. डाळ भिजत पडली की जेवण टाळता येत नाही.
2. एक कांदा चिरून ठेवा, लसणाच्या चार पाकळ्या ठेचा. हळद, तिखट, मीठ, मोजलेलं पाणी, सगळं शेगडीजवळ मांडा. पेटवल्यावर डबा शोधायचा नाही.
3. कुकरमध्ये दोन चमचे तेल तापवा. मोहरीचा एक दाणा टाकून पाहा. तडतडला तर अर्धा चमचा मोहरी टाका, मग जिरं, लसूण, कांदा.
4. कांदा मऊ झाला की आच बारीक करा आणि मगच पाव चमचा हळद, अर्धा चमचा तिखट टाका. लगेच भिजलेले डाळ-तांदूळ टाकून परता.
5. साडेतीन वाट्या पाणी, अर्धा चमचा मीठ. पाण्याची चव घेऊन पाहा. ते किंचित खारट लागायला हवं. शिजल्यावर बरोबर होतं.
6. झाकण लावा. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या, मग बारीक आचेवर पाच मिनिटं, मग बंद.
7. वाफ आपोआप जिरू द्या. शिटी उचलल्यावर सूं आवाज आला तर अजून थांबा.

सगळ्यात जास्त चूक चौथ्या पायरीवर होते. तेल धुरावलेलं असताना तिखट टाकलं की ते क्षणात काळं पडतं, ठसका लागतो, आणि सगळी खिचडी कडू होते. ती कडू चव पाणी, गूळ, काहीही घालून जात नाही. तिखट काळं पडलंच तर तेवढी फोडणी टाकून द्या आणि पुन्हा करा. दोन चमचे तेलासाठी जेवण वाया घालवू नका.

> कुकरची तपासणी. शिटीचं भोक उजेडाकडे धरून पाहा, आरपार दिसलं पाहिजे. डाळ-तांदूळ फुगतात, म्हणून पाण्यासकट कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. कडेनं वाफ फसफसत असेल आणि शिटी होत नसेल तर रबर कडक झालं आहे, नवीन आणा.

जेवायचं कसं, हेही याच टप्प्यात बसवा. एकटा माणूस कुकरमधूनच चमच्यानं, उभ्यानं खातो. मोठे बाबाही तसंच करत. विचारलं तर म्हणाले, "एकट्यासाठी ताट कायले खराब करू?" पण उभ्यानं खाल्लं की चार घास पोटात जातात आणि उरलेलं तसंच पडून राहतं. ताट घ्या, गडव्यात पाणी घ्या, खाली बसा. शेजारी कांद्याची फोड, जवसाची चटणी किंवा निंबाचं लोणचं असू द्या. त्यांनी रेडिओवरच्या संध्याकाळच्या बातम्यांची वेळ धरली : बातम्या लागल्या की ताट वाढायचं. तुम्ही देवाजवळच्या दिव्याची वेळ धरा, दूध काढण्याची धरा, पण कशाला तरी जेवण बांधून ठेवा. भूक लागेल तेव्हा जेवू, असं ठरवलं तर ती लागत नाही.

जेवण झालं की ताट आणि कुकर लगेच घासा. सकाळी उठल्यावर खरकटी भांडी दिसली तर त्या दिवशी चूल पेटवायचं मन होत नाही.

> साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर औषध घेऊन जेवण टाळणं धोक्याचं आहे. साखर उतरून घाम येतो, हात थरथरतात, चक्कर येते. अशा वेळी लगेच साखर किंवा गूळ खा, मग जेवा, आणि डॉक्टरांना सांगा.

## टप्पा २ : वरण-भात

खिचडी सलग आठवडाभर बिघडली नाही की इकडे या.

कुकरच्या तळाला दोन वाट्या पाणी घाला. एका डब्यात अर्धी वाटी धुतलेली तूरडाळ, दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद आणि तेलाचे दोन थेंब. दुसऱ्यात अर्धी वाटी तांदूळ आणि एक वाटी पाणी. डाळीचा डबा खाली, भाताचा वर. चार शिट्ट्या, मग बंद. वाफ जिरल्यावर डाळ पळीनं घोटा, गरम पाणी आणि मीठ घालून एक उकळी आणा.

घरच्या तुरीची डाळ असूनही ती शिजतच नाही, ही तक्रार आमच्याकडे नेहमीची. दोन कारणं असतात. एक तर डाळ दोन-तीन वर्षं जुनी असते. दुसरं, बोअरचं पाणी जड असतं. त्यातल्या क्षारांमुळे डाळ दडदडीत राहते. आठ शिट्ट्या केल्या तरी दाणा वेगळा दिसतो. चहाच्या गंजाला आतून पांढरा थर बसत असेल तर तुमचं पाणी जड आहे असं समजा. डाळीपुरतं नळाचं किंवा फिल्टरचं पाणी आणा आणि डाळ तासभर भिजवा. मीठ मात्र शिजल्यावरच.

तपासणी : शिजलेला डाळीचा दाणा दोन बोटांत दाबा. मधे पांढरा कण राहिला तर अजून दोन शिट्ट्या.

उरलेल्या वरणाला संध्याकाळी लसूण, जिरं आणि सुक्या मिरचीची फोडणी देऊन चांगलं उकळलं की दुसरं जेवण होतं. पण हे थंडीत. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा सकाळचा भात आणि वरण दुपारीच उतरतात. फ्रीज नसेल तर उन्हाळ्यात मापं निम्मी करा आणि उरवूच नका. बुळबुळीत झालेलं किंवा आंबूस वासाचं अन्न पुन्हा उकळून खायचं नाही, ते उकळूनही बाधतं.

## टप्पा ३ : चून

घरात काहीच नसलं तरी बेसन असतं, म्हणून हा पदार्थ यायलाच हवा.

1. अर्धी वाटी बेसनात आधी अर्धीच वाटी गार पाणी घालून हातानं गुठळ्या मोडा. मग आणखी एक वाटी पाणी घाला.
2. कढईत दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, चिरलेला कांदा, दोन हिरव्या मिरच्या. आच बारीक करून हळद.
3. बेसनाचं पाणी एका हातानं ओता, दुसऱ्या हातानं सराट्यानं हलवत राहा. पाव चमचा मीठ घाला, चवीनं वाढवा.
4. घट्ट झालं की झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सहा मिनिटं. वरून चिरलेला हिरवा सांबार.

नवशिका माणूस चून घट्ट झालं की उतरवतो. घट्ट होणं आणि शिजणं वेगळं आहे. कच्चं बेसन टाळूला चिकटतं आणि पोटात दुखतं. शिजलेल्या चुनाला कडेनं तेल सुटतं, चकाकी येते आणि कच्चा वास जातो. फार घट्ट वाटलं तर गरम पाणी घाला; गार घातलं तर गुठळ्या होतात.

या टप्प्यात भाकर अजून बाहेरूनच येऊ द्या. शेजारी बाई रोज थापतेच, तिला महिन्याचं पीठ देऊन एक भाकर जास्त टाकायला सांगा. पीठ दिलं की मागितल्यासारखं वाटत नाही. मोठे बाबा याच अटीवर तयार झाले.

## टप्पा ४ : आठवडी बाजार एकट्यापुरता

जन्मभर थैलाभर भाजी आणायची सवय असते. हात आपोआप किलोवर जातो आणि चौथ्या दिवशी निम्मी भाजी ढोरांपुढे टाकावी लागते. एकट्याला आठवड्याला पालेभाजीची एक जुडी, पावशेर वांगी, पावशेर भेंडी किंवा गवार, अर्धा किलो टमाटर, एक किलो आलू आणि एक किलो कांदे पुरतात.

खाण्याचा क्रम ठरलेला ठेवा. बाजाराच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पालेभाजी, मग भेंडी-वांगी, मग आलू-टमाटर, आणि बाजाराच्या आधीचे दोन दिवस मुगवड्या किंवा चून. मोठी आई असताना मोठे बाबा बाजारात फक्त थैला धरून मागं उभे राहत. वांग्याचा देठ हिरवा आणि सालीला चकाकी असली म्हणजे ते ताजं, हे त्यांना भाजीवालीनंच शिकवलं. विचारा, बायका सांगतात.

## टप्पा ५ : भाकर

दीड-दोन महिने झाले, आच कळायला लागली, आता भाकर.

पीठ. चक्कीवरून एका वेळी दोन किलोच ज्वारी दळून आणा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, आणि पीठ जुनं झालं की जी थोडी विरी असते तीही जाते. महिन्याभराच्या पिठाची भाकर जाणत्या बाईच्या हातूनही तुटते. भाकर तुटली की आधी दळणाचा दिवस आठवा, मग हाताला दोष द्या.

उकळतं पाणी. कोपरात एक वाटी पीठ घ्या, मधे खळगा करा आणि त्यात अर्धी वाटी उकळतं पाणी ओता. चमच्यानं कालवा, दोन मिनिटं झाकून ठेवा. गरम पाण्यानं पिठाला चिकटपणा येतो. हात लावता येईल एवढं झालं की गार पाण्याचा हात घेत तळव्याच्या टाचेनं पीठ रगडा. इथं घाई करू नका, पाच मिनिटं तरी द्या. गोळा दाबल्यावर कडेला भेगा पडल्या तर अजून पाणी आणि अजून रगडणं हवं. भेग पडली नाही तरच थापा.

थापणं. कोपरात कोरडं पीठ पसरा, गोळा ठेवा, आणि मधून नाही, कडेनं थापत फिरवा. पहिले दिवस ताटाएवढी करायला जाऊ नका, तळहाताहून जराशी मोठी पुरे. जाड झाली तरी चालेल. थापणं अजिबात जमत नसेल तर दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये गोळा ठेवून ताटलीनं दाबा. काही जण याला नावं ठेवतात, पण पोटात जाणारी भाकर तीच असते.

शेकणं. तवा आधी चांगला तापवा. पाण्याचा थेंब नाचला पाहिजे. भाकर टाका, पिठाची बाजू वर. लगेच वरून पाण्याचा हात फिरवा. पाणी सुकत आलं, पण पूर्ण सुकलं नाही, तेव्हा सराट्यानं उलटा. पाणी पार सुकू दिलं तर भाकरीला तडे जातात. उलटायची घाई केली तर ती तव्याला चिकटते. दुसरी बाजू नीट शेकू द्या, मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर धरा. फुगली तर उत्तम, नाही फुगली तरी कडा कच्ची नसली म्हणजे झालं.

> तव्यावरची भाकर हातानं उलटू नका. बायका उलटतात ते वर्षानुवर्षांच्या सवयीनं. भाजलं तर दहा-पंधरा मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली हात धरा; टूथपेस्ट, हळद, तेल काही लावू नका.

सुरुवातीला रोज एकच भाकर करा, शेजारची येणं सुरू असतानाच. आपली तुटली तर कुस्करून वरणात खा आणि शेजारची चुनासोबत. सलग चार दिवस आपली अख्खी निघाली की शेजारणीला सांगा.

## टप्पा ६ : आठवड्यातून एकदा दोन ताटं

स्वतःपुरतं जमायला लागल्यावर एक अडचण येते, ती कोणी बोलत नाही. आता कोणी डबा घेऊन येत नाही, त्यामुळे दारात कोणी येतच नाही. हे मी मोठ्या बाबांकडे पाहिलं. जेवण नीट चाललं होतं, पण दिवसेंदिवस त्यांचा आवाज कोणाच्या कानावर पडत नव्हता. म्हणून एक वार ठरवा आणि कोणाला तरी जेवायला बोलवा. मोठे बाबा बाजाराच्या दिवशी त्यांच्या जुन्या सालदाराला बोलावतात. त्याचीही बायको गेलेली आहे. पहिल्या वेळी तो बाहेरच बसून राहिला. "मालक, तुमच्या हातचं?" म्हणाला. आता तो कांदा चिरतो आणि मोठे बाबा फोडणी देतात.

दोघांचं करताना सगळं सरळ दुप्पट होत नाही. डाळ-तांदूळ दुप्पट घ्या. खिचडीचं पाणी मात्र सात वाट्यांऐवजी सव्वासहा घाला, कारण वाफेत जाणारं पाणी जवळपास तेवढंच राहतं. शिट्ट्या त्याच तीन. तेल तीन चमचे पुरतं. तिखट दीडपट करा, दुप्पट नाही. मीठ आधी पाऊण चमचा टाका, पाण्याची चव पाहा आणि मग वाढवा. आणि झाकण लावायच्या आधी पाहुण्याला विचारून घ्या, त्याला बीपीची गोळी चालू आहे का. असेल तर मीठ तिथंच थांबवा आणि लोणचं वेगळं ठेवा.